दोन शेजारी

एका तालुक्याच्या गावात दोन शेजारी राहत होते. एक निवृत्त गुरुजी, दुसरा कापड दुकानदार. दोघांकडेही वीस-वीस लाखांची शिल्लक होती. गुरुजींनी चौदा लाख शेअर बाजाराच्या म्युच्युअल फंडांत ठेवले होते आणि सहा लाख बँकेच्या ठेवीत. दुकानदाराने ते पाहिले आणि तशीच वाटणी केली. "गुरुजींना झेपतं, तर मला का नाही?" तो म्हणाला.

2020 साल उजाडले. जानेवारीत सेन्सेक्स 42 हजारांच्या घरात होता. 23 मार्चला तो 26 हजारांखाली आला. त्याच आठवड्यात टाळेबंदी लागली आणि दुकानाचे शटर खाली आले. लग्नसराईचा माल उधारीवर भरलेला होता. व्यापाऱ्यांचे नऊ लाख द्यायचे होते.

दुकानदाराने आधी ठेव मोडली. ती पुरली नाही. एप्रिलच्या सुरुवातीला चौदा लाखांचे साडेनऊ लाख झाले होते. देणी आणि घरखर्च भागवायला त्यातले पाच लाख काढावे लागले. म्हणजे निम्म्याहून अधिक युनिट पडत्या भावात गेली.

गुरुजींचे फंडही तेवढेच पडले होते. पण तीस हजारांची पेन्शन खात्यात जमा होत राहिली. त्यांनी एकही युनिट विकले नाही. नोव्हेंबरात सेन्सेक्स पुन्हा 42 हजारांवर गेला.

दिवाळीनंतर दुकानदार ओट्यावर येऊन बसला. "तुमची छाती मोठी, गुरुजी."

गुरुजींनी जुन्या वहीचे पान उलटले. "छातीचं काही नाही, भाऊ. वर्षाला तीन लाख साठ हजार पेन्शन. सहा टक्के व्याजाने एवढं मिळवायचं तर बँकेत साठ लाख लागतील. ते साठ आणि हे वीस, असे ऐंशी धरा. त्यात माझे बाजारात चौदा, म्हणजे सतरा-अठरा टक्के. तुमचे विसातले चौदा, म्हणजे सत्तर टक्के. शिवाय मंदीत तुमचं दुकानही बाजाराबरोबरच बसतं."

"मग ते सहा लाख तरी कशाला ठेवलेत?"

"पेन्शन महिन्याला मिळते, दवाखान्याचं बिल मात्र एकदम येतं. आणि माझ्यामागे हिला मिळणारी पेन्शन कमी असेल."

दुकानदार बराच वेळ ते पान पाहत राहिला. "मग मी काय करू?"

"दुकान वर्षभर बंद राहिलं तर घरखर्च आणि देणी मिळून किती लागेल, ते आधी बाजूला काढा. उरेल ते बाजारात घाला."

पुढच्या हंगामापासून दुकानदाराने तसेच केले. बाजारातला त्याचा हिस्सा गुरुजींपेक्षा पुष्कळ कमी राहिला.

किती जोखीम घ्यावी, हे धाडसापेक्षा घरात येणारा पैसा किती पक्का आहे, यावर ठरते. पेन्शनवाल्याला पडत्या बाजारात विकण्याची गरज पडत नाही, म्हणून त्याला शेअर जास्त ठेवता येतात. त्याची वाटणी उचलण्याआधी त्याची पेन्शनही हिशेबात धरावी.