मुदत आणि भाषांतर : माहितीच्या अर्जातील एक नैतिक प्रश्न

भाषांतराविषयीची आपली बहुतेक चर्चा ललित संहितेभोवती फिरते. मूळ कृतीशी निष्ठा, लक्ष्यभाषेतील सहजता, अनुवादकाचे स्वातंत्र्य या संकल्पना कविता, कादंबरी आणि नाटक यांच्या संदर्भात घडलेल्या आहेत. ज्या संहितेत वाक्याच्या चुकीने माणसाचा हक्क बुडतो, तिच्यापुढे या संकल्पना उभ्या केल्या तर त्यांचे काय होते, हे तपासून पाहण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखात अशी एक अत्यंत रूक्ष संहिता विचारार्थ घेतली आहे : माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये केलेला अर्ज आणि त्याला सार्वजनिक प्राधिकरणाने दिलेले उत्तर.

राधानगरी तालुक्यात ही संहिता केवळ कल्पनेतली राहत नाही. पश्चिम घाटाचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरविणाऱ्या केंद्रीय अधिसूचनेचे मसुदे २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघाले. ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा होता. प्रत्येक मसुद्याबरोबर हरकती नोंदविण्यास साठ दिवसांची मुदत येते, आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या ज्या तालुक्यांतील गावे या सूचीत आहेत त्यांत राधानगरी आहे. हरकत पाठविणारा शेतकरी मराठीत विचार करतो. मंत्रालय इंग्रजीत किंवा हिंदीत उत्तर देते. अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करता येतो. अर्जाच्या भाषेचा हक्क कायद्याने असा मान्य केला आहे. उत्तर अर्जदाराच्या भाषेत द्यावे, असे मात्र तेथे म्हटलेले नाही. या दोहोंमधील मोकळ्या जागेत अनुवादक उभा असतो. तो बहुधा गावातला शिक्षक किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी असतो.

प्रथम अर्जाची बाजू पाहू. समजा, दाजीपूरच्या बाजूच्या एका गावातील शेतकऱ्याने लिहिले : ‘आमच्या हरकतींचे काय झाले, ते कळावे.’ अधिनियमातील ‘माहिती’ची व्याख्या अभिलेख, दस्तऐवज, अभिप्राय, अहवाल अशा कोणत्या ना कोणत्या स्वरूपात असलेल्या सामग्रीची आहे. काय झाले, का झाले, अशा प्रश्नांना ‘ही माहिती नव्हे’ असे उत्तर येऊ शकते. जाणता अनुवादक म्हणून हेच वाक्य ‘अमुक गावातून आलेल्या हरकतींवरील टिपणी व निर्णय यांच्या प्रमाणित प्रती’ असे मांडील. हे भाषांतर आहे की नवे लेखन? माझ्या मते, अर्ज अद्याप सादर झालेला नसेल आणि बदल अर्जदाराला समजावून त्याची संमती घेतली असेल, तर यात काही गैर नाही. येथे अनुवादक हा सहलेखक आहे. परंतु कार्यालयाने अर्ज स्वीकारून त्यावर शिक्का मारला की तोच शब्दबदल अपराध ठरतो. अपिलासाठी त्या अर्जाचे इंग्रजी करताना मूळ वाक्य जितके धूसर आहे तितकेच धूसर राहिले पाहिजे. आवक शिक्का ही भाषांतराच्या नीतीतील एक सीमारेषा आहे. तिच्या अलीकडे अनुवादक साहाय्यक असतो, तिच्या पलीकडे तो साक्षीदार होतो.

साक्षीदाराची कसोटी उत्तराच्या भाषांतरात लागते, आणि तेथे सर्वांत जोखमीचा शब्द कोणता, असे विचारले तर मी कोणत्याही पारिभाषिक संज्ञेचे नाव घेणार नाही. तो शब्द म्हणजे ‘पासून’ हे साधे शब्दयोगी अव्यय. कालावधी कशापासून मोजावयाचा, हे कायदा दर ठिकाणी वेगळे सांगतो. कलम ७ पोटकलम (१) मधील तीस दिवस अर्ज मिळाल्यापासून मोजतात. पोटकलम (३) मध्ये जादा शुल्काची मागणी झाली तर मागणीपत्र रवाना झाल्यापासून शुल्क भरेपर्यंतचा काळ त्या तीस दिवसांतून वगळतात. कलम १९ मधील पहिल्या अपिलाचे तीस दिवस निर्णय अर्जदाराच्या हाती पडल्यापासून किंवा, उत्तरच आले नाही तर, विहित मुदत संपल्यापासून सुरू होतात. मिळणे, रवाना होणे, हाती पडणे या तीन निरनिराळ्या घटना आहेत. आपल्या कार्यालयीन मराठीला मात्र ‘पत्राच्या दिनांकापासून’ हा एकच वाक्प्रचार तोंडपाठ आहे.

एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. मंत्रालयास अर्ज १० मार्च २०२५ रोजी मिळाला. पहिला दिवस सोडून मोजल्यास तीस दिवस ९ एप्रिलला पूर्ण होतात. अनुवादकाने ‘एका महिन्याच्या आत’ असे लिहिले तर वाचणारा १० एप्रिल धरील, कारण कायद्यात महिना म्हणजे इंग्रजी दिनदर्शिकेतला महिना. पुढे माहिती अधिकाऱ्याने २१ मार्चला चाळीस पानांचे, पानास दोन रुपये या दराने, ऐंशी रुपये मागणारे पत्र रवाना केले. ते राधानगरीस २७ मार्चला पोहोचले आणि ४ एप्रिलला पैसे भरले गेले. २१ मार्च ते ४ एप्रिल हे अंतर चौदा दिवसांचे. म्हणून मुदत २३ एप्रिलपर्यंत लांबते. आता ‘रवाना झाल्यापासून’ याऐवजी भाषांतरात ‘मिळाल्यापासून’ आले असे समजा. अर्जदार केवळ आठ दिवस वगळील आणि १७ एप्रिलला मुदत संपली असे मानील. दुसऱ्या दिवशी तो अपील करील, माहिती आता विनामूल्य मिळाली पाहिजे असे म्हणेल, आणि कदाचित दिवसाला अडीचशे रुपयांच्या शास्तीचीही मागणी करील. अपील अकाली ठरेल. शिवाय ज्या अधिकाऱ्याने विलंब केलेलाच नाही त्याच्यावर ठपका येईल.

उलट दिशेची चूकही तितकीच सोपी आहे. उत्तरावर २२ एप्रिल ही तारीख आहे आणि ते २८ एप्रिलला हाती पडले. अपिलाची मुदत २८ मे रोजी संपते. ‘निर्णयाच्या दिनांकापासून’ असे भाषांतर झाले तर अर्जदार २२ मे ही अंतिम तारीख समजेल, आणि २५ मे रोजी कागद तयार असूनही ‘आता उपयोग नाही’ म्हणून घरी बसेल. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब क्षमापित करण्याची तरतूद कायद्यात आहे. पण जो अपील करीतच नाही, त्याला तिचा काय लाभ? एका ठिकाणी भाषांतराने अधिकाऱ्यावर अन्याय केला, दुसऱ्या ठिकाणी नागरिकावर. अनुवादकाने नागरिकाची बाजू घ्यावी, हा सद्भावनेचा युक्तिवाद येथेच अपुरा पडतो. कारण चुकीची दिशा अनुवादकाच्या सहानुभूतीवर अवलंबून नसते.

दुसरी जोखीम कलमांच्या अक्षरांची आहे. कलम ८ पोटकलम (१) मध्ये माहिती नाकारण्याची दहा कारणे आहेत आणि इंग्रजी संहितेत ती ए पासून जे पर्यंतच्या अक्षरांनी दर्शविली आहेत. हिंदी पाठात त्या जागी क, ख, ग, घ, ङ, च, छ, ज, झ, ञ ही वर्णमाला येते, आणि मराठी कार्यालयीन व्यवहारातही ती रूढ आहे. म्हणजे इंग्रजीतील ‘जे’ला देवनागरीत ‘ञ’ हे अक्षर आहे. ‘ज’ हे अक्षर मात्र इंग्रजी ‘एच’च्या जागी येते. ध्वनीवर विसंबून ‘जे’चे ‘ज’ करणारा अनुवादक वैयक्तिक माहितीच्या कारणाचे रूपांतर तपासात अडथळा येण्याच्या कारणात करतो. वाचणाऱ्याला वाटते, आपल्या गावाविषयी कोणती चौकशी सुरू आहे? यावर उपाय एवढाच की, भाषांतराच्या आरंभी कोणती पद्धत वापरली ते सांगावे आणि शेवटपर्यंत तीच पाळावी. हिंदी उत्तराच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. हिंदीतील ‘सूचना’ म्हणजे आपली माहिती. मराठीतील ‘सूचना’ म्हणजे समज देणे किंवा सुचविणे. ‘सूचना नाकारली’ असे मराठीत लिहिले की नकाराचा विषयच बदलतो.

आता खरा नैतिक प्रश्न येतो. अधिकाऱ्यानेच चुकीचे अक्षर लिहिले असेल तर? उत्तरातील मजकूर वैयक्तिक माहितीविषयी आहे, पण उद्धृत केलेला खंड तपासाचा आहे, अशी विसंगती संभवते. सुजाण अनुवादकाचा हात तेथे दुरुस्तीसाठी आपोआप वळतो. पण ती विसंगती हाच अपिलाचा मुद्दा असू शकतो. नकार देताना कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील कळविणे हे कलम ७ पोटकलम (८) अन्वये अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. उत्तरात यांपैकी काही नसेल, तर भाषांतरातही ते असता कामा नये. अनुवादकाने ते स्वतःच्या ज्ञानातून भरले तर अधिकाऱ्याने न केलेले कर्तव्य त्याने केल्याचा आभास निर्माण होतो. अनुवादकाला जे दिसले ते त्याने जरूर सांगावे. मात्र वेगळ्या टिपणात, आपल्या नावाने, संहितेबाहेर.

जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी आपल्याला शिकविले की काही वाक्ये सत्य-असत्य नसतात; ती उच्चारताना कृती घडते. ‘माहिती नाकारण्यात येत आहे’ हे असे वाक्य आहे. त्याचे भाषांतर मात्र नकार देत नाही, नकार दिला गेल्याचे सांगते. ही दुय्यमता अनुवादकाने विसरू नये.

या दुय्यमतेचे मोल पश्चिम घाटाच्याच इतिहासात दिसते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये अहवाल सादर केला. केरळमधील एका अर्जदाराने माहितीच्या अधिकारात त्याची मागणी केली, तेव्हा अहवाल अंतिम नाही अशी भूमिका मंत्रालयाने घेतली. राज्याच्या वैज्ञानिक व आर्थिक हितसंबंधांचा अपवादही पुढे केला. केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये अहवाल खुला करण्याचा आदेश दिला, मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने मंत्रालयाची याचिका फेटाळली आणि त्यानंतर अहवाल जनतेसमोर आला. यातील ‘राज्य’ हा एक शब्द घ्या. राधानगरीतील वाचकाला तो सहज महाराष्ट्र राज्य वाटेल, आणि मुंबईने अहवाल अडविला असा त्याचा समज होईल. कायद्याच्या पाठातील शब्द अनुवादकाने बदलू नये. पण हा ‘राज्य’ शब्द येथे घटकराज्याचे नाव नव्हे, ही ओळ टिपणात हवी. तसेच ‘अंतिम नाही’ याचे ‘अपूर्ण आहे’ असे भाषांतर झाले, तर पूर्ण झालेल्या, केवळ स्वीकारल्या न गेलेल्या अहवालाविषयी वाचकाची दिशाभूल होते.

शेवटी काळाचा प्रश्न उरतोच. २०२० च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी आठव्या अनुसूचीतील भाषांत अनुवाद करण्याचा आदेश दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली. अनुवादाला लागणारा वेळ हा नागरिकाचा वेळ आहे, हे तेथे मान्य झाले. माहितीच्या अपिलात अशी सवलत आपोआप मिळत नाही. उत्तर अनुवादकाच्या मेजावर पडून असले तरी तीस दिवस चालूच राहतात. म्हणून या प्रकारच्या भाषांतरात विलंब हादेखील अर्थाचा दोष मानावा लागतो. अठ्ठावीस मेनंतर हाती आलेले निर्दोष भाषांतर अर्जदाराला त्याचा हक्क काय होता, एवढेच सांगते.