दोन्ही अंगांचं लग्न

"आमचं काही मागणं नाही, लग्न तेवढं दोन्ही अंगांनी करून द्या." परवा भाचीच्या बैठकीत मुलाच्या मामांनी हे म्हटलं, आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. हुंड्याचा शब्द कुणीच काढला नव्हता. तरी सहाशे पानांचं जेवण, दोन्हीकडचा मानपान आणि नवरदेवाचे पाच तोळे, सगळं त्यात आलं होतं.

अशा मागणीला कायद्याची बंदी आहे, हे सांगायला नको. १९६१ चा कायदा लग्नासाठी आडून घेतलेलंही हुंड्यातच धरतो. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: नकार कोण देतं, आणि कुणाच्या घरात. "मला काही नको गं, पण बाबांपुढे बोलता येत नाही," असं मुलीला फोनवर सांगून बैठकीत गप्प बसणारा मुलगा मागणीत सामील असतो. भाचीच्या होणाऱ्या नवऱ्याने बैठकीच्या आदल्या रात्रीच आपल्या वडिलांना सांगितलं होतं: दीडशे माणसं, खर्च निम्मा-निम्मा, सोनं नाही. त्यामुळे मामा बोलले तेव्हा त्यांना उत्तर त्याच्या वडिलांनीच दिलं. मुलीच्या बापाला तोंड उघडावं लागलं नाही.

मामा हटले नाहीत. "अहो, हा मुलीचाच वाटा. पुढे ती जमिनीत थोडीच मागणार आहे?" जावयाच्या गळ्यातली साखळी आणि सहाशे जणांनी जेवलेलं जेवण मुलीचा वाटा कसा होईल? हे मी त्यांना तिथेच विचारलं. मात्र त्यांच्या दुसऱ्या वाक्याने मला अडवलं, कारण गावोगाव घडतं ते तसंच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. तरी बाप गेल्यावर भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो आणि "तुझ्या लग्नात केलं की एवढं" म्हणतो. बहीण सही करते, सातबाऱ्यावरून तिचं नाव जातं. लग्नात झालेला खर्च तिच्या नावावर कधीच आलेला नसतो, पण वजा तिच्याच वाट्यातून होतो.

तोवर मी समजत होतो की मुलाने ठाम राहिलं की झालं. आता वाटतं, दुसरा नकार मुलीने तिच्या माहेरी द्यायला हवा, आणि तो जास्त अवघड आहे, कारण समोर मागणारा नसतो, हौसेने देणारा बाप असतो. भाची म्हणाली, "बाबा, लग्नासाठी कर्ज काढू नका. आणि पुढे हक्कसोडावर मी सही करणार नाही, हे दादासमोर आत्ताच सांगते." या बोलण्यात तिच्या नवऱ्याने मुळीच पडू नये. त्याने एक शब्द जरी टाकला, तरी तीच मागणी दुसऱ्या दाराने आत येईल. दादा दोन दिवस बोलला नाही. वडिलांनी मात्र कार्यालय बदललं, आणि कर्जाचा अर्ज बँकेत गेलाच नाही.