पाट्या टाकलेलं भाषांतर

बस. सबबी नंतर सांग, आधी ऐकून घे.

सरावाला दिलेलं ३२ पानांचं चित्रपुस्तक तू मराठीत आणलंस. चित्रांखालची वाक्यं नीट उतरली आहेत, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण चित्रांच्या आत जे लिहिलेलं आहे त्याचं काय केलंस? कुठे तसंच इंग्रजीत सोडलंस, कुठे चांदणी काढून पानाच्या तळाशी टीप दिलीस, आणि एका ठिकाणी तर सरळ गोष्टीत घुसडलंस. लोक नुसत्या कामात पाट्या टाकतात. तू पाट्यांच्या कामातही पाट्याच टाकल्यास!

अकरावं पान काढ. पोरगी खेळून दमते आणि बागेतल्या हिरव्या बाकावर बसते, एवढंच खाली लिहिलंय. बाकाला टांगलेल्या पाटीवर मात्र तांबड्या अक्षरांत ‘वेट पेंट’ आहे. पान उलटलं की पोरगी ऐटीत घरी निघालेली दिसते आणि तिच्या फ्रॉकच्या पाठीवर हिरवे पट्टे असतात. त्या पट्ट्यांबद्दल लेखिका अवाक्षर काढत नाही, कारण ते सांगायचं काम पाटीचं आहे. ऐकणाऱ्या मुलाला पाटी दिसते, पोरीला दिसत नाही. ‘अगं, बसू नकोस!’ असं मुलाने पुस्तकाला ओरडून सांगायचं, यासाठी ते अख्खं पान रचलंय.

आणि तू खाली काय लिहिलंस? बाकाला ताजा रंग दिलेला होता हे तिच्या लक्षात आलं नाही, म्हणे. मुलाने शोधून काढायचं ते तू आधीच सांगून टाकलंस. त्याला ओरडायला काही उरलं का? वर पाटी इंग्रजीतच ठेवलीस. आता पहिलीतल्या पोराच्या दृष्टीने ती नुसती तांबडी नक्षी आहे.

दुसऱ्या मसुद्यात म्हणे सुधारणा केलीस. पाटीवर लिहिलंस, ‘सावधान! रंगकाम चालू आहे, कृपया स्पर्श करू नये.’ ही नगरपालिकेची नोटीस आहे का? नुकतं अक्षराला अक्षर जोडून वाचायला लागलेलं मूल ‘कृपया स्पर्श’पाशी अडखळणार, आणि तोवर आईने पान उलटलेलं असणार. ‘ओला रंग’ लिही. दोन शब्द, एकही जोडाक्षर नाही, आणि ओला म्हणजे काय हे त्याला आंघोळीपासून माहीत आहे.

बाग इंग्लंडातली, मग तिथे मराठी पाटी कशी, असं तू परवा मला विचारलंस. ती इंग्रज पोरगी तुझ्या भाषांतरात आईशी मराठीत बोलते ते चालतं ना? मग पाटीनेच काय घोडं मारलंय? जे वाचल्याशिवाय गोष्ट कळत नाही ते मराठीत यायचं. जे नुसतं दिसायला आहे, म्हणजे बसची नंबरप्लेट, लांबवर दिसणारं दुकानाचं नाव, ते खुशाल तसंच राहू दे. त्यानेच ते गाव तिथलं वाटतं. तू नेमकं उलटं केलंस: लांबच्या दुकानाचं नाव मराठीत आणि बाकावरची पाटी इंग्रजीत.

आता जागेचं बघ. ती पाटी छापील पानावर जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद आहे. इंग्रजी मोठी अक्षरं सगळी एका उंचीची असतात, रांगेत गुमान उभी राहतात. आपल्या अक्षरांना वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, म्हणजे तेवढ्याच उंचीत अक्षराचं अंग लहान करावं लागतं. तुझी नोटीस बसवायला डिझायनरला पाच पॉइंटाचा टाइप वापरावा लागला असता. ‘ओला’ वरच्या ओळीत आणि ‘रंग’ खालच्या ओळीत लिहून बघ. उकार एकही नाही, त्यामुळे दोन ओळी एकमेकींना धडकत नाहीत. पान खऱ्या मापात छापून हातभर लांब धर आणि वाच. स्क्रीनवर मोठं करून बघितलेलं मी धरणार नाही.

खेळण्यांच्या दुकानाची उभी पाटी तर मला बघवली नाही. इंग्रजी अक्षरं एकाखाली एक होती म्हणून तू मराठीही तशीच फोडलीस. ख वेगळा, त्याची मात्रा खालच्या घरात, शेवटी वेलांटी एकटीच लोंबकळते आहे. मराठी फोडायचीच तर ‘खे’, ‘ळ’, ‘णी’ अशी अख्ख्या अक्षरांनी फोडायची. आडव्या पाटीवर जागा भरायला दोन अक्षरांमधलं अंतर वाढवलंस तिथे शिरोरेषा तुटली आहे. जागा उरली तर टाइप मोठा कर, अक्षरं ताणू नकोस.

फ्रिजवरच्या चिठ्ठीपाशी मात्र थांबावं लागेल. पोरीने आईसाठी लिहिलेली चिठ्ठी आहे, त्यात तिच्या स्पेलिंगच्या चुका आहेत. त्या चुकाच तिचं वय सांगतात. तू ती शुद्धलेखनाच्या नियमांनुसार आणि छापील टायपात दिलीस! मुलाचा हात दिसला पाहिजे, चूकही मराठी मुलाची पाहिजे. ‘आई मि बागेत जाते’ असं लिही. वेलांटी चुकली तरी मोठ्याने वाचताना शब्द बरोबरच निघतो, अडत नाही. पण एखाद-दुसरी चूक पुरे. अनुस्वार गाळलास किंवा अक्षरच बदललंस तर वाचायला शिकणारं मूल बिचारं आपलंच चुकलं समजेल.

आणि हे सगळं तू कधी कळवणार होतीस? चित्रं छपाईला गेल्यावर? एकच पुस्तक अनेक भाषांत एकदम छापतात तेव्हा चित्रांच्या रंगीत प्लेटा सगळ्यांना सामाईक असतात आणि भाषेगणिक फक्त काळी प्लेट बदलतात. चित्रातलं अक्षर निव्वळ काळं असेल तर ते असं बदलता येतं. आपली पाटी तांबडी आहे, म्हणजे ती किरमिजी आणि पिवळ्या प्लेटवर आहे. निळ्या आभाळात पांढरी सोडलेली अक्षरं असतील तर तीही रंगाच्याच प्लेटांत अडकलेली असतात. म्हणून काम हाती येताच प्रकाशकाला विचारायचं, की चित्रातली अक्षरं वेगळ्या लेयरवर आहेत की चित्रकाराने चित्रातच रंगवली आहेत. चित्रातच असतील तर तेवढा तुकडा पुन्हा रंगवून घ्यावा लागतो, त्याला वेळ लागतो आणि पैसेही. काहीच शक्य नसेल तेव्हाच, नाइलाजाने, पाटीवरचं गोष्टीत आणायचं. तेही पोरगी बसण्याआधीच्या वाक्यात, ‘पाटी म्हणाली, ओला रंग!’ एवढंच. ते तिच्या लक्षात आलं नाही वगैरे तू सांगायचं नाहीस.

गुरुवारी येताना यादी घेऊन ये. खालच्या ओळींवर कागदाची पट्टी ठेव आणि ३२ पानं फक्त चित्रं बघत चाळ. दिसेल ते अक्षर टिपून घे: पान कितवं, कुठे आहे, काय लिहिलंय, कोणत्या रंगात, आणि ते काढलं तर गोष्टीचं काय अडतं. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ते अक्षर इंग्रजीत राहिलं तरी चालेल. चौदाव्या पानावर मांजरीच्या ताटलीवर तिचं नाव आहे, ते तुला अजून दिसलेलंच नाही. चिठ्ठी स्वतः लिहू नकोस, तुझं अक्षर फार वळणदार आहे. शेजारच्या एखाद्या पहिलीतल्या पोराकडून लिहून आण.