मोजणी आणि साक्ष : भाषांच्या संख्येविषयी

भारतात भाषा किती, या प्रश्नाला २०११च्या जनगणनेत एकाहून अधिक उत्तरे सापडतात. लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावे १९,५६९ होती. उच्चारभेद, लेखनभेद आणि पर्यायी नावे यांची छाननी केल्यावर त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या. ज्यांचे वर्गीकरण जमले नाही, अशी १,४७४ नावे 'इतर'मध्ये गेली. देशभरात किमान दहा हजार भाषक असलेल्या मातृभाषा २७० ठरल्या आणि त्यांचे गट बांधल्यावर भाषा उरल्या १२१.

या उतरंडीतील पहिली पायरी नैतिकदृष्ट्या सर्वांत स्वच्छ आहे. दारात आलेल्या प्रगणकाला सूचना असते की, सांगितलेली बोली आहे की भाषा, हे त्याने ठरवू नये. उत्तर जसेच्या तसे लिहून घ्यावे. म्हणजे तेथे बोलणाऱ्याची साक्ष प्रमाण मानली जाते. पुढे कार्यालयात ती साक्ष वर्गीकरणाच्या स्वाधीन होते. २०११मध्ये हिंदीचे भाषक ५२.८३ कोटी दाखवले गेले. त्यांपैकी स्वतःची मातृभाषा 'हिंदी' अशी नोंदवली गेलेले ३२.२२ कोटी होते. उरलेल्यांत पाच कोटींहून अधिक भोजपुरी भाषक आहेत. हिंदीचे प्रमाण ४३.६ टक्के मानावे की सुमारे २६.६ टक्के, हा वाद येथून उद्भवतो. दोन्ही आकडे एकाच नोंदींवर आधारलेले आहेत.

मैथिलीचे उदाहरण याहून बोलके आहे. १९९१मध्ये तिचे ७७.६७ लक्ष भाषक हिंदीत समाविष्ट होते. २००३च्या ब्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने ती आठव्या अनुसूचीत आली आणि २००१च्या जनगणनेच्या कोष्टकांत स्वतंत्र भाषा म्हणून १.२२ कोटी भाषकांसह अवतरली. वर्गीकरण बदलले ते घटनादुरुस्तीमुळे. व्याकरणात काही घडले म्हणून नव्हे. दहा वर्षांतील दीडपटीहून अधिक वाढ केवळ जन्मदराने स्पष्ट होत नाही. उत्तर देणाऱ्यांची स्वतःविषयीची जाणीवही त्या दशकात बदलली असली पाहिजे. शिवाय २००१ची साक्ष घटनादुरुस्तीच्या आधीची आहे. तिला नाव मिळाले नंतर.

दहा हजारांच्या मर्यादेचा प्रश्न निराळा आहे. बुलढाणा जिल्ह्यातील निहाली ही कोणत्याही ज्ञात भाषाकुलात निश्चितपणे न बसणारी भाषा; पण तिचे भाषक या मर्यादेच्या पुष्कळ खाली असल्याने प्रकाशित कोष्टकात ती दिसत नाही. भाषावैज्ञानिक वेगळेपण आणि संख्या यांचा येथे काहीही संबंध उरत नाही.

वर्गीकरणावाचून मोजणी अशक्य आहे, हे मान्यच करावे लागते. १९,५६९ नावांची यादी हे ज्ञान नव्हे. तसेच केवळ साक्षीवर विसंबणेही भाबडेपणाचे ठरेल, कारण प्रतिष्ठेपोटी माणसे घरातील भाषा लपवतात. आक्षेप एवढाच की, वर्गीकरणाचा निर्णय साक्षीच्या नावाने मांडला जाऊ नये. भोजपुरी बोलणाऱ्याने 'हिंदी' असे म्हटलेले नसताना त्याच्या वतीने ते म्हणणाऱ्याने निदान आपले कर्तेपण कबूल करावे.