रेडेडोह फुटण्याआधीची ओळ

पंचगंगेचा पूर दबा धरून येत नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी, आणि एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जायला पाण्याला बहुतेक वेळा बरेच तास लागतात. पाणी इंचाइंचाने चढतं आणि त्याची नोंद होत राहते. गल्लीतल्या तरुण मंडळाच्या, तालमीच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर ती नोंद दर तासाला येऊन पडते. तरीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं तेव्हा हजारो माणसं घरांच्या माडीवर आणि गच्चीवर अडकून होती. माहितीचा तुटवडा नव्हता. माझं म्हणणं असं की त्या माहितीची मांडणी उलटी होती. काय करायचं ते शेवटी यायचं, किंवा यायचंच नाही.

अशा दिवसांत फिरणारा नमुनेदार संदेश आठवून पाहा. आधी नमस्कार, मग जिल्ह्यातला संततधार पाऊस, मग राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले आणि विसर्ग किती क्युसेक, मग बंधाऱ्याची पातळी फूट आणि इंचांत, आणि शेवटी ‘तरी नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’. खाली मंडळाचं नाव, अध्यक्षांचं नाव, कधीकधी फोटोही. यात खोटं काहीच नाही. पण सतर्क राहावे म्हणजे नेमकं काय करावे? क्युसेकचा आकडा वाचून आपल्या उंबऱ्याला पाणी कधी लागेल हे किती जणांना कळतं? शिवाय फोनच्या पडद्यावर लांब संदेशाच्या वरच्या थोड्याच ओळी दिसतात, उरलेलं उघडून वाचावं लागतं. वीज गेलेली, बॅटरी पंधरा टक्क्यांवर, अशा वेळी वाचणारा पहिल्या दोन ओळींवरच निर्णय घेतो. त्या दोन ओळी नमस्कारात आणि पावसाच्या वर्णनात गेल्या तर सूचना पोचलीच नाही असं धरावं.

हाच मजकूर उलटा करून पाहू. समजा, संदेश सुतारवाड्यासाठी आहे: ‘सुतारवाडा: आज संध्याकाळी ६ च्या आत घर सोडा. मेन स्विच बंद करा. औषधं, कागदपत्रं, चार्जर सोबत घ्या. मुक्काम चित्रदुर्ग मठात, चालता न येणाऱ्यांसाठी चौकात टेम्पो उभा आहे. बंधाऱ्यावर पातळी ३८ फूट, वाढते आहे. मंगळवार, दुपारी २.’ पहिला शब्द वस्तीचा, कारण संदेश आपल्यासाठी आहे की नाही हे आधी कळायला हवं. दुसरी गोष्ट वेळेसह क्रिया. पातळी आहे, पण ती कारण म्हणून मागे गेली. शेवटी वार आणि वेळ, आणि ही किरकोळ बाब नाही. ‘आज रात्री पाणी येणार’ हे वाक्य पुढे पाठवलं गेलं की दुसऱ्या दिवशीही ते ‘आज रात्री’च राहतं. मूळ संदेश ग्रुपवरून डिलीट केला तरी पुढे गेलेल्या प्रती फिरतच राहतात. वार आणि वेळ संदेशाच्या पोटातच असेल तर तो शिळा झाल्याचं निदान वाचणाऱ्याला तरी समजतं.

वेळ ठरवायची कशी, इथे मात्र खरं स्थानिक ज्ञान लागतं. बहुतेक जण घरात पाणी कधी शिरेल याचा हिशेब करतात, आणि तोच घात करतो. शिवाजी पुलापलीकडे आंबेवाडी आणि प्रयाग चिखलीची माणसं वर्षानुवर्षं एक खूण सांगत आली आहेत: रेडेडोह फुटला. नदीचं पाणी तिथून पात्राबाहेर पसरलं की ते आंबेवाडीकडच्या रस्त्यावर येतं. घराची जोती अजून कोरडी असतात, पण बाहेर पडायची वाट गेलेली असते. मुदत मोजायची ती या वाटेवरून, घराच्या पायरीवरून नव्हे. त्यातही जनावरं असलेल्या घराची मुदत आणखी अलीकडची, कारण चार म्हशी घेऊन निघायला दुचाकीवरून निघण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि गोठा भरलेला असताना शेतकरी घर सोडत नाही. म्हणून चिखलीसाठीची पहिली ओळ ‘जनावरं आत्ता हलवा’ अशी हवी, माणसांची ओळ त्यानंतर. आणि निघणं अशक्यच झालं तर ‘दावी सोडा’ हे दोन शब्द गोठ्यातला जीव वाचवू शकतात. असली ओळ जिल्ह्याच्या ठिकाणी बसून लिहिता येत नाही. गावच्या ग्रुपचं मोल इथेच आहे.

यावर पहिला आक्षेप घबराटीचा. ‘घर सोडा’ असं धडधडीत लिहिलं की लोक सैरावैरा पळतील, म्हणून आधी परिस्थिती समजावून सांगावी, असं म्हणतात. आपत्तीत माणसं कशी वागतात याचा अभ्यास एन्रिको क्वारांटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९६० च्या दशकापासून केला, आणि त्यांना वारंवार आढळलं ते याच्या उलट: घबराट क्वचित होते, रेंगाळणं नेहमीचं. इशारा मिळाल्यावर माणूस शेजाऱ्याला विचारतो, भावाला फोन करतो, खिडकीतून डोकावतो. आपल्याकडे या रेंगाळण्याला आणखी एक आधार होता, २००५ च्या पुराचा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ तेव्हा पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं होतं, आणि भिंतीवरची ती खूण अनेक घरांना कमाल मर्यादा वाटत राहिली. २०१९ ला पाणी ५७ फूट ओलांडून गेलं. पुढे २०२१ च्या जुलैत कोल्हापुरात तर २०१९ चीही खूण बुडाली. तेव्हा ‘मागच्या वेळी इथवरच आलं होतं’ या वाक्याला उत्तर देणारी एक ओळ सूचनेखाली जरूर असावी. पण खालीच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घर सोडा म्हणण्याचा अधिकार प्रशासनाचा, चार पोरांच्या ग्रुपला तो दिला कोणी? आणि पाणी आलंच नाही तर पुढच्या वेळी ऐकणार कोण? हा धोका खरा आहे. ग्रुपने नवा अंदाज वर्तवू नये. पाटबंधारे विभागाची पातळी आणि महापालिका किंवा तहसीलचा आदेश आपल्या गल्लीच्या भाषेत उतरवणं एवढंच त्याचं काम. आदेश कुणाचा, हे एका शब्दात लिहिता येतं. पाणी थांबलं तर ‘सकाळची सूचना रद्द’ असा संदेशही तितक्याच तत्परतेने, पहिल्याच ओळीत जायला हवा. चुकलेला इशारा लोक विसरतात. तो चुकल्याचं कोणी कबूलच केलं नाही, तर लक्षात ठेवतात. उलट उशिराची किंमत काय, हे ब्रह्मनाळने दाखवलं. पलूस तालुक्यातल्या त्या गावात ८ ऑगस्ट २०१९ ला माणसं बाहेर काढणारी होडी उलटली आणि डझनाहून अधिक जण बुडाले. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. वाट उघडी असताना जी माणसं चालत निघाली असती, ती वाट बुडाल्यावर एका होडीवर येऊन पडतात.

मदतीच्या मागणीलाही हाच क्रम लागू पडतो. ‘पूरग्रस्तांना मदतीची गरज आहे’ एवढं लिहिलं की दोन दिवसांत जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडतात, ते भिजतात आणि शेवटी उचलायला ट्रॅक्टर लागतो. ‘फक्त पिण्याचं पाणी आणि सॅनिटरी पॅड, शाळेच्या मागच्या दाराने, संध्याकाळी ५ पर्यंत. कपडे नकोत’ असं लिहायला थोडी भीड सोडावी लागते. दात्यांची नावं आणि आभार पाणी ओसरल्यावर कितीही सविस्तर छापावेत.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो संपल्याचा संदेश. ‘म्हातारी आजी माडीवर अडकली आहे, होडी पाठवा’ हा निरोप आजी बाहेर आल्यावरही दोन दिवस फिरतो आणि मोजक्या होड्यांपैकी एक रिकाम्या घराकडे वळते. ज्याने मागणी टाकली त्यानेच, त्याच मागणीला उत्तर म्हणून, ‘सुटका झाली, होडी नको, बुधवार सकाळी ९’ एवढं टाकायचं. आजीच्या सुखरूपतेची हकीकत त्याखाली लिहायला मग हवी तेवढी जागा आहे.