खर्जाच्या आडोशाला

गिटार डॅडगॅडमध्ये लावली की तारांवरून नुसता अंगठा फिरवला तरी गाणं निम्मं झाल्यासारखं वाटतं. या वाटण्यातला माझा वाटा किती आणि तारांचा किती, हे एकदा स्वतःशी नीट मांडून बघावं असं बरेच दिवस मनात आहे. निमित्त एका गाण्याचं आहे. ते मी याच ट्यूनिंगमध्ये बांधलं, आणि लोकांना ते आवडतंय.

डॅडगॅड म्हणजे जाड तारेकडून मोजलं तर डी, ए, डी, जी, ए, डी. नेहमीच्या ट्यूनिंगमधल्या फक्त तीन तारा हलतात: सहावी, दुसरी आणि पहिली, प्रत्येकी एक पूर्ण स्वर खाली. डीला सा मानलं तर उघड्या तारा सा-प-सा-म-प-सा अशा लागतात. ट्यूनर नसला तरी चालतं. सहाव्या तारेला बाराव्या फ्रेटवर बोट टेकवून जो हार्मोनिक निघतो, तो उघड्या चौथ्या तारेशी जुळवायचा. पाचवीच्या हार्मोनिकशी दुसरी तार आणि चौथीच्या हार्मोनिकशी पहिली. तार उतरवताना हव्या स्वराच्या किंचित खाली नेऊन मग वर चढवायची, नाहीतर खुंटीतला ढिलेपणा दोन कडव्यांत सूर खाली आणतो. तीन तारांचा ताण कमी झाला की लाकूडही जरा सैलावतं आणि न हलवलेल्या तारा किंचित चढतात, म्हणून शेवटी पुन्हा सगळ्या तपासायच्या. मी आधी सहावी तारच तेवढी उतरवून पाहिली होती. त्या ड्रॉप डीमध्ये खर्ज मिळतो, पण वरच्या तारा कॉर्डच मागत राहतात. मला कॉर्ड नको होते, सतत चालणारा आधारस्वर हवा होता.

हे ट्यूनिंग रुळवण्याचं श्रेय इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमला देतात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोरोक्कोत उद वाजवणाऱ्यांच्या साथीला बसता यावं, म्हणून त्यानं ते वापरलं. म्हणजे त्याला आधी समोरच्याचं वाजवणं ऐकायचं होतं आणि ट्यूनिंग त्या गरजेतून आलं. माझी गरज कोणती होती? खरं सांगायचं तर मला खोली हवी होती, आणि ती लवकर हवी होती. मिरजेचा तंबोरा ज्या मुलखात तयार होतो तिथला मी. षड्ज-पंचमाच्या गुंजनापुढे आपला श्रोता आपोआप सावरून बसतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या सावरून बसण्याचा फायदा मी घेतला की नाही?

घेतला. पण तेवढंच म्हणून सुटता येत नाही, कारण त्याच गुंजनानं मला पुढे अडवलंही.

या सहा तारांत गंधार नाही. त्यामुळे गाणं उजळ की उदास, हे उघड्या तारा ठरवत नाहीत, तुम्ही जो गंधार दाबाल तो ठरवतो. पहिल्या तारेवर तिसरा फ्रेट म्हणजे कोमल, चौथा म्हणजे शुद्ध. मला आधी शुद्ध हवा होता. सहावी तार जोरात छेडून तिच्यावर पहिल्या तारेचा चौथा फ्रेट दाबला, तर स्वर थरथरायला लागला. तंबोऱ्यात ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो इथेही असतो. ७३.४ हर्ट्झच्या खर्जाचा पाचवा उपस्वर साधारण ३६७ हर्ट्झवर पडतो. गिटारचा फ्रेट मात्र समान अंतराच्या सप्तकात बसवलेला असल्यामुळे त्याचा गंधार ३७० वर आहे. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला तीनेक ठोके ऐकू येतात. नेहमीच्या कॉर्डच्या गर्दीत हे खपून जातं, पण आधारस्वर सतत चालू असला की उघडं पडतं. गळा तो गंधार अलगद खाली घेऊ शकतो, फ्रेट घेऊ शकत नाही.

मग मी कोमल गंधारावर आलो. तोही त्या स्वयंभू गंधाराशी घासतोच, पण त्या घासण्याला कान उदासी समजतो. म्हणजे माझ्या गाण्यातल्या दुःखाचा एक भाग तारेच्या भौतिकशास्त्रातून आला. हे कळल्यावर मी थोडा ओशाळलो. शब्द मात्र आधीच लिहिलेले होते आणि ते उदासच होते, एवढं माझ्या बाजूनं सांगता येईल.

आता चालीचं. मुखडा चौथ्या तारेवर होता: उघडी तार सा, दुसरा फ्रेट रे, तिसरा कोमल ग, आणि परत सा. बाकीच्या तारा गुंजत असताना तो भरदार वाटायचा. मग मी एक परीक्षा घेतली. गिटार बाजूला ठेवली, मोबाइलवर एकच षड्ज लावला आणि नुसतं गायलो. मुखडा अंगणात येरझारा घालणाऱ्या माणसासारखा निघाला, फाटकापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. अंतरा मात्र उभा राहिला. त्यात कोमल गंधारावरून मध्यम, मग पंचम, आणि खाली बासमध्ये पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर कोमल निषाद, तिथून सहावीच्या पाचव्या फ्रेटवर मध्यम, असा प्रवास होता. वरच्या तारा तशाच उघड्या असतानाही खालची जमीन सरकत होती. नुसत्या षड्जावर गातानासुद्धा ते सरकणं चालीत जाणवत होतं. मी मुखडा पंचमापर्यंत नेला आणि सुरुवातीची चार आवर्तनं सहावी तार तळव्यानं दाबून ठेवली. चाल आधी उघडी ऐकू जाते, आधार मागून येतो.

एक गोष्ट मात्र पूर्ण सुटलेली नाही. उघडा मध्यम आणि उघडा पंचम शेजारशेजारच्या तारांवर आहेत. मध्यमावरून पंचमावर गेलो तरी मध्यम वाजतच राहतो आणि दोघांचा धूसर झगमगाट होतो. डॅडगॅडची ओळख म्हणजे हाच झगमगाट. गाणारा मध्यम सोडून पंचमावर जातो, माझी गिटार सोडत नाही. डाव्या हाताचं मोकळं बोट टेकवून तिसरी तार गप्प करता येते. ‘सोडून जाणं’ या अर्थाच्या ओळीवर मी ते करतो, बाकी ठिकाणी झगमगाट राहू देतो. तो मला आवडतो, आणि तो फुकट मिळालेला आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

एका बैठकीनंतर शास्त्रीय गाणाऱ्या एका काकूंनी विचारलं, ‘‘काफी आहे का रे?’’ स्वर काफी थाटाचे होते हे खरं. हो म्हटलं असतं तर गाण्याचं वजन वाढलं असतं. मी म्हणालो, ‘‘नाही काकू, राग नाही. स्वर तेवढे तिथले आहेत.’’ त्या म्हणाल्या, ‘‘मग निषादावर थांबतोस कशाला इतका?’’ मी थांबतो, कारण तिथे उघड्या तारा सगळ्यात सुंदर वाजतात. हे उत्तर मी त्यांना दिलं नाही. पुढच्या वेळी निषादावरचा मुक्काम निम्मा करून गायलो. ओळ त्यानं सुधारली की नुसती घाईची झाली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.