पाचशे ऐंशीचा कट्टा चारशेला

पुणे-नाशिक रस्त्याने खेडचा घाट चढून गेलं की मंचरच्या अलीकडे पेठ लागतं. पेठ, कुरवंडी, भावडी, थुगाव, कारेगाव, कोल्हारवाडी आणि पारगाव ही सात गावं म्हणजे सातगाव पठार. पावसावरचा बटाटा हे या पठाराचं पीक. जून-जुलैत लागवड होते आणि गणपती-दसऱ्याच्या सुमारास काढणी. बियाणं पंजाबातून येतं, मंचरच्या बाजारात मिळतं, आणि तिथून पुढे सगळी मोजदाद पन्नास किलोच्या कट्ट्यात चालते. किती एकर लावला यापेक्षा किती कट्टे लावले हे इथे आधी विचारतात, आणि उतारा सांगताना ‘एकास आठ’, ‘एकास दहा’ असं सांगतात.

काढणीच्या दिवसांत बाजार पडला की बांधावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "कट्टा पाचशे ऐंशीला पडलाय, चारशेला कसा द्यायचा?" या प्रश्नातली कळ खरी आहे. पण काढणीच्या दिवशी हा प्रश्न शेतकऱ्याला चुकीच्या वाटेने नेतो. का, ते एका एकराचा हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या वहीतले आकडे घालावेत, हिशेबाची रीत बदलत नाही.

समजा एकराला बारा कट्टे बियाणं लागलं, पंधराशे रुपये भावाने अठरा हजारांचं. शेणखत आणि रासायनिक खत मिळून चौदा हजार, नांगरट-लागवड-खुरपणी-भर लावणं यांना दहा हजार, फवारण्यांना सहा हजार. काढणीची वेळ येईपर्यंत असे ४८,००० रुपये मातीत गेले. ते आता परत मागता येत नाहीत. बटाटा काढला काय आणि नाही काढला काय, हा आकडा हलत नाही.

आता पुढचा खर्च पाहा, कारण तो अजून आपल्या हातात आहे. काढणी आणि वेचणीची मजुरी कट्ट्यामागे नव्वद रुपये, रिकामं बारदान तीस, मंचरपर्यंत गाडीभाडं चाळीस, हमाली-तोलाई वीस. एकूण १८० रुपये. किलोला बारा रुपये भाव मिळाला तर कट्ट्याचे सहाशे येतात. त्यातून १८० वजा जाता ४२० उरतात. वाणिज्याच्या पुस्तकात या उरलेल्या रकमेला अंशदान म्हणतात. प्रत्येक जादा कट्टा त्या ४८,००० च्या खड्ड्यात ४२० रुपये टाकतो. एकशे चौदा कट्टे विकून झाले तरी खड्ड्याला थोडं तोंड उरतं, आणि एकशे पंधराव्याने तो भरतो. एकास दहा उतारा आला तर कट्टे एकशे वीस. म्हणजे चार महिन्यांची घरची कमाई जवळजवळ सगळी शेवटच्या सहा कट्ट्यांत आहे, सुमारे २,४०० रुपये.

भाव आठ रुपयांवर आला की चित्र पालटतं. कट्ट्याला चारशे. एकूण खर्च कट्ट्यांवर वाटला तर मातीत गेलेले चारशे आणि काढणीपासून पुढचे १८०, असा तो ५८० ला पडलेला आहे, आणि चारशेला देणं म्हणजे प्रत्येक कट्ट्यामागे १८० चा तोटा, असं वहीत दिसतं. हे पाहून कुणी वैतागून बटाटा जमिनीतच सोडतो. सोडला तर तोटा ४८,००० चा. काढून विकला तर प्रत्येक कट्टा २२० रुपये परत आणतो, एकशे वीस कट्ट्यांचे २६,४००. तोटा तरीही होतोच, पण तो २१,६०० वर थांबतो. काढणीच्या दिवशी ५८० हा आकडा डोक्यातून बाजूला ठेवायचा आणि १८० कडे पाहायचं. कट्टा १८० च्या खाली, म्हणजे किलो तीन रुपये साठ पैशांच्या खाली गेला, तरच काढणीने तोटा वाढतो. तेव्हाही रान रब्बीच्या ज्वारीसाठी मोकळं करायचं असेल तर नांगर फिरवायचाच आहे. मग तो खर्च बटाट्याच्या नावावर धरू नये, आणि थांबायची रेषा आणखी थोडी खाली सरकते.

बारीक बटाट्याचंही असंच. वेचून, निवडून बांधावर ढीग लागले की काढणीची मजुरी सगळ्याच मालावर झालेली असते. बारीक मालाला किलोला तीनच रुपये मिळत असतील तर कट्ट्याचे दीडशे होतात. १८० च्या खाली आहे म्हणून तो टाकून द्यायचा का? नाही. आता फक्त बारदान, गाडी आणि हमाली शिल्लक आहे, नव्वद रुपये. दीडशेतून नव्वद गेले की साठ उरतात. तेच चार दिवसांपूर्वी, बटाटा जमिनीत असताना, सगळा माल तसाच बारीक असल्याचं दिसलं असतं तर काढणीच न करणं शहाणपणाचं ठरलं असतं. खर्च तेच, माल तोच. मधे मजुरी देऊन झाली, म्हणून उत्तर बदललं. अंशदानाचा हिशेब कोणत्या दिवशी मांडला हे सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नसतो, आणि हीच गोष्ट मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते.

एक खाचखळगा इथे आहे. काढणीला घरचीच माणसं असतील तर मजुरी शून्य धरायची का? त्या दिवशी घरातल्या बाईला दुसऱ्याच्या रानात रोज मिळणार असेल, तर आपल्या रानात वेचणी करताना तो रोज बुडतो. तो धरलाच पाहिजे. घरी बसूनच राहायचं असेल तर धरू नये. घरच्या बायकांचे कष्ट वहीत कुठेच नसतात, त्यामुळे कित्येक रानं फायद्यातली वाटत राहतात. हे मला मनापासून खटकतं.

याच रीतीने फवारणीचाही निर्णय घेता येतो. ऑगस्टमध्ये पठारावर दिवसच्या दिवस ऊन पडत नाही, धुकं उतरतं आणि करपा येतो. आणखी एका फवारणीला दोन हजार लागणार असतील तर ती परवडते का? बारा रुपये भावाची आशा असेल तर पाच कट्टे वाचले की फवारणीचे पैसे फिटले, कारण पाच कट्ट्यांचे २,१०० उरतात. आठ रुपयेच मिळणार असतील तर दहा कट्टे वाचावे लागतील. पाल्यावर किती डाग आहेत आणि ढग किती दिवस राहणार, हे पाहून शेतकरी अंदाज करू शकतो. एकरी खर्चाला किलोंनी भागून हे उत्तर कधीच निघणार नाही. आणि शेवटच्या कट्ट्यांची किंमत किती, तेही इथे कळतं. उतारा एकास दहाऐवजी एकास बारा आला तर एकशे चव्वेचाळीस कट्टे होतात. चोवीस कट्टे जादा. पण उरणारी रक्कम २,४०० वरून साडेबारा हजारांच्या जवळ जाते, कारण खड्डा आधीच भरलेला असतो आणि पुढचा प्रत्येक कट्टा ४२० रुपये थेट घरात आणतो. एकास आठ आला तर मात्र याच भावात साडेसात हजारांहून जास्त अंगावर येतात.

आता दुसरी बाजू. शेतकऱ्याचा काढणीच्या दिवशीचा खरा तळ ५८० नसून १८० आहे, हे समोरच्या खरेदीदारालाही ठाऊक असतं. जमिनीत माल तयार आहे, वर पाऊस पडतोय, ओल्या रानात बटाटा सडायला लागतो. अशा वेळी चारशे काय, तीनशेलाही माल सुटेल हे तो जाणून असतो. अंशदानाचा हिशेब शेतकऱ्याला तोटा कमी करायला मदत करतो. चांगला भाव मिळवून द्यायची ताकद त्यात नाही. कट्टा ४०० ला दिला तेव्हा २२० ‘उरले’ म्हणून समाधान मानणारा माणूस ओळीने तीन वर्षं तसंच करत राहिला तर दर वर्षीचा एकवीस हजारांचा तोटा कर्जाच्या रूपाने सोसायटीच्या खात्यावर चढत जातो. कट्ट्यामागे पैसे उरतात आणि घर बुडतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मधली ओळ वाचून तळाची ओळ न वाचल्याने असं होतं.

म्हणून ५८० चा आकडा फेकायचा नाही, जूनसाठी जपून ठेवायचा. जूनमध्ये बियाणं अजून मंचरच्या बाजारात आहे, खत दुकानात आहे, पैसे खिशात आहेत. त्या दिवशी ४८,००० मधला एकही रुपया मातीत गेलेला नसतो, आणि लागवड न करणं हाही खुला मार्ग असतो. पठारावर वेफर्स करणाऱ्या कंपन्यांसाठी कराराने बटाटा लावण्याची पद्धत गेली कित्येक वर्षं आहे. तिचं मोल मला इथेच दिसतं. भाव आधी ठरलेला असला की कट्ट्यामागे काय उरणार हे पेरणीच्या दिवशीच कळतं, आणि किती कट्टे आले म्हणजे खड्डा भरेल हे कागदावर मांडता येतं. हिरवा पडलेला, कापलेला किंवा फार बारीक माल कंपनी परत करते, तेव्हा तेवढे कट्टे आधीच वजा धरावे लागतात. खुल्या बाजारात भावही अंधारात आणि उताराही अंधारात. करारात निदान एकच गोष्ट अंधारात राहते.

बियाण्याचा भाव वाढला की हा जूनचा हिशेब फार काटेकोर करावा लागतो. समजा पंधराशेचा कट्टा पंचवीसशेला गेला. बारा कट्ट्यांना बारा हजार जादा, म्हणजे ४८,००० चे ६०,००० झाले. बारा रुपये भाव धरून ४२० ने भागलं तर १४३ कट्टे लागतात. बारा कट्टे लावून १४३ काढायचे म्हणजे एकास बाराचा उतारा, आणि तो फक्त मुद्दल परत येण्यासाठी. आपल्या रानाने गेल्या पाच-सहा पावसाळ्यांत एकास बारा किती वेळा दिला, हे ज्याच्या वहीत लिहिलेलं आहे, त्याला त्या वर्षी किती कट्टे बियाणं उचलायचं हे दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही.